खुणांनी भरलेल्या पानाचा सारांश कसा करायचा: तळटिपा, समासातल्या नोंदी आणि अधोरेखनं

अभ्यासिकेतलं पुस्तक दहा हातांतून फिरलेलं असतं. कोणी लाल पेनाने ओळी ओढलेल्या, कोणी पेन्सिलीने समासात प्रश्न विचारलेले, कोणी पिवळा हायलायटर पानभर फिरवलेला. त्यातलं एक पान कोणीतरी मोबाइलवर टिपतं, ग्रुपवर टाकतं आणि खाली लिहितं, 'याचा सारांश कोणी देईल का?' मग जो देतो तो बहुतेक वेळा लाल ओळी एकापाठोपाठ एक जोडतो, समासातलं एखादं वाक्य मध्ये घालतो आणि तळटिपा बारीक टायपात असतात म्हणून सोडून देतो. वाचायला हा सारांश गुळगुळीत वाटतो. पुस्तकाच्या लेखकाला दाखवला, तर मात्र तो म्हणेल, हे मी कुठे लिहिलंय?

अशा पानावर एकाच वेळी तीन-चार माणसं बोलत असतात. लेखक असतो, कधी संपादक किंवा अनुवादक असतो, आणि मागाहून आलेले वाचक असतात. पुस्तक हातात असताना शाई, कागद आणि अक्षर पाहून ही माणसं आपसूक वेगळी पडतात. फोटोत सगळं एका पातळीवर येतं, आणि नेमकं कोण काय म्हणालं हे परत वेगळं करायचं काम सारांश करणाऱ्यावर पडतं.

हे एका पानावरच करून बघू. विषय दख्खनच्या दंग्यांचा घेतो, कारण तो महाराष्ट्रात शिकलेल्या बहुतेकांच्या ओळखीचा आहे. पानात येणारा 'आयोग' म्हणजे या दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेला आयोग. खालचं पान कुठल्याही पुस्तकातलं नाही, मी नमुन्यासाठी बेतलंय. त्यातल्या छापील मजकुरातली आणि तळटिपांतली माहिती मात्र खरी आहे.

छापील मजकूर असा:

> १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे आसपासच्या गावांचे शेतकरी जमले. त्यांनी सावकारांकडून हिशेबाच्या वह्या आणि कर्जरोखे मागून घेतले व ते जाळले. पुढे हे लोण अहमदनगर जिल्ह्यात पोचले. झळ बसलेल्या गावांची संख्या ३०² च्या वर होती.
>
> आयोगाच्या मते सरकारी सारा हे बंडाचे कारण नव्हते. दोष सावकारांचा होता.³ हा निष्कर्ष जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. कापसाची मागणी कोसळणे, सावकारांनी कर्ज देताना हात आखडता घेणे आणि साऱ्याची वाढीव आकारणी या गोष्टी एकाच सुमारास शेतकऱ्यावर आदळल्या.

पानाच्या तळाशी आडवी रेघ आणि तिच्याखाली बारीक टायपात:

> झाल्यावर सावकार दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घेई, आणि थकलेले व्याज नव्या रोख्यात मुद्दल म्हणून चढे.
>
> २. यात पुणे व अहमदनगर या दोन्ही जिल्ह्यांतील गावे धरली आहेत.
>
> ३. साऱ्याची पातळी हे बंडाचे कारण होते काय, हे ठरवण्याचे काम आयोगाकडे खास सोपवलेले होते. आयोग सरकारनेच नेमलेला होता, हे त्याचा निष्कर्ष वाचताना विसरू नये.

आता वाचकांच्या खुणा. 'सरकारी सारा हे बंडाचे कारण नव्हते. दोष सावकारांचा होता' एवढ्या शब्दांखाली लाल रेघ, बाजूला लाल शाईतच 'इंप. ५ मार्क'. पहिल्या ओळीतल्या १८७५ ला पेन्सिलीने गोल करून समासात '७८ ना?' असं लिहिलंय. त्याच पेन्सिलीत खाली '१८५७ ची भीती!'. आणि निळ्या बॉलपेनाने तळाच्या विनाक्रमांकाच्या ओळीकडे बाण काढून 'व्याजावर व्याज'.

घाईत केलेला सारांश यातून असा निघतो: '१८७८ साली सुपे येथे दंगे झाले. १८५७ च्या भीतीमुळे ते ३०२ गावांत पसरले. सरकारी सारा त्याला कारणीभूत नव्हता, दोष सावकारांचा होता.' यातला प्रत्येक तुकडा फोटोत कुठे ना कुठे दिसतो, तरीही सुपे सोडलं तर जवळपास सगळं चुकलेलं आहे. कसं चुकलं ते एकेक करून पाहू.

सुरुवात फोटोपासूनच करावी लागते, कारण पुढच्या निम्म्या अडचणी तिथे तयार होतात. पानाच्या चारही कडा फोटोत आल्या पाहिजेत. लोक मजकूर मोठा दिसावा म्हणून जवळून टिपतात, आणि कापली जाते ती नेमकी तळाची बारीक टायपाची ओळ किंवा शिवणीकडचा समास. पुस्तक जाड असेल तर शिवणीजवळ पान वळतं आणि तिथली नोंद आत बुडते. त्या बाजूचा वेगळा, जवळून फोटो घ्यावा. फ्लॅश बंद ठेवावा. गुळगुळीत कागदावर त्याचा पांढरा डाग पडतो, आणि पेन्सिलीचं अक्षर तिरप्या उजेडात उलट चमकून दिसेनासं होतं. स्कॅनिंगच्या ॲपमध्ये 'ब्लॅक अँड व्हाइट' नावाचा फिल्टर असतो. साध्या छापील कागदाला तो छान, पण खुणा असलेल्या पानाला घातक. फिकी पेन्सिल पुसली जाते, हायलायटरचा पट्टा कधी गायब होतो तर कधी काळा डाग होऊन खालची अक्षरं गिळतो, आणि लाल-निळी शाई एकाच काळ्या रंगात येते. रंग गेला की कोण कुठल्या पेनाने लिहीत होतं हा सगळ्यात सोपा पुरावाच गेला. म्हणून फिल्टर नसलेला मूळ रंगीत फोटो मागून घ्यावा, आणि जमलं तर मागचं आणि पुढचं पानही. ते का, हे तळटिपांपाशी येईलच.

देवनागरीची एक वेगळी पंचाईत आहे. आपल्या अक्षरांचा बराच कारभार ओळीच्या खाली चालतो: उकार, ऊकार, ऋकार, पाय मोडल्याची खूण. पेनाची रेघ नेमकी तिथूनच जाते. ऱ्हस्व उकार रेघेत बुडाला की 'सूत' आणि 'सुत'च काय, 'कुल' आणि 'कल'ही एकसारखे दिसू लागतात. रेघ जरा खाली गेली तर ती पुढच्या ओळीच्या शिरोरेषेला जाऊन चिकटते, आणि जरा वर गेली तर शब्द खोडलाय की अधोरेखित केलाय हेच कळत नाही. अशा वेळी त्याच ओळीत ती रेघ शब्दांच्या मधल्या मोकळ्या जागेत कुठून जाते ते पाहावं. मोकळ्या जागेत ती अक्षरांच्या पायाखालून जात असेल तर अधोरेखन, अक्षरांच्या पोटातून जात असेल तर खोडणं. शब्द मोठा करून पाहण्यापेक्षा ही युक्ती जास्त कामाला येते.

फोटोतून मजकूर उचलणारं ॲप वापरायचं असेल तर खुशाल वापरावं, पण त्याने काढलेले आकडे मूळ फोटोशी ताडून घ्यावेत. आपल्या नमुन्यात '३०' च्या डोक्यावर तळटिपेचा छोटा '२' आहे. ॲपला तो वर उचललेला आहे हे अनेकदा समजत नाही, आणि ३० चे ३०२ होतात. तळटिपेचा क्रमांक शब्दाला चिकटला तर निदान डोळ्याला खटकतं. आकड्याला चिकटला तर नवा आकडा तयार होतो आणि तो अगदी खरा वाटतो. सन, टक्केवारी, रक्कम, यांच्या मागे जास्तीचा अंक दिसला की आधी तळाशी त्या क्रमांकाची टीप आहे का ते पाहायचं. आणखी एक: ॲप पानाच्या तळाशी पोचलं की तळटिपा सलग मजकूर म्हणून पुढे चालू ठेवतं. परिच्छेदाचं शेवटचं वाक्य दुसऱ्या पानावर संपत असेल तर त्याचा अर्धा भाग आणि तळटीप यांचं मिळून एक तिसरंच वाक्य तयार होतं.

फोटो नीट मिळाला की मी पहिल्या वाचनात फक्त छापील मोठा टाइप वाचतो. खुणांकडे बघायचं नाही, हे म्हणायला सोपं आहे. लाल रेघ डोळा ओढतेच. म्हणून कोऱ्या कागदाने समास झाकतो, किंवा स्क्रीनवर असेल तर फोटो इतका मोठा करतो की समास बाहेर जातो. प्रत्येक परिच्छेदाचं काम काय, ते एका वाक्यात लिहायचं. आपल्या नमुन्यात पहिला परिच्छेद घटना सांगतो. दुसरा आयोगाचं मत मांडतो आणि लगेच ते नाकारतो. एवढी दोन वाक्यं हातात असली की लाल रेघेचा धोका निम्मा टळतो.

आता तळटिपा. त्या पुस्तकाच्याच असतात, छापलेल्या असतात, म्हणजे सारांशात त्यांना पहिला हक्क आहे. पण सगळ्यांना सारखा नाही. काही नुसता संदर्भ देतात: अमुक ग्रंथ, अमुक पृष्ठ, किंवा 'तत्रैव', म्हणजे आधीच्या टिपेतलाच ग्रंथ. 'तत्रैव' पानावरची पहिलीच टीप असेल तर तो ग्रंथ कोणता हे मागचं पान पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. अशा टिपा सारांशात सहसा येत नाहीत. काही टिपा माहितीत भर घालतात, जशी इथली दुसरी: गावांची संख्या दोन जिल्ह्यांची मिळून आहे. ही सारांशात दोन शब्दांत मावते आणि घ्यावी, नाहीतर वाचणारा सगळी गावं एकट्या अहमदनगरची समजेल.

तिसऱ्या प्रकारची टीप सगळ्यात महत्त्वाची. ती वरच्या विधानाला मुरड घालते. आपल्या पानावर टीप ३ सांगते की आयोग सरकारने नेमलेला होता आणि साऱ्याबद्दलचा प्रश्न त्याच्यापुढे मुद्दाम ठेवला होता. म्हणजे ज्याच्यावर आरोप होता, त्यानेच नेमलेल्या मंडळाने त्याला निर्दोष ठरवलं. मोठ्या टायपात लेखक फक्त 'स्वीकारता येत नाही' म्हणतो. न स्वीकारण्याचं एक धारदार कारण त्याने खाली ठेवलंय. ही टीप सोडली तर लेखकाचा मुद्दा लुळा पडतो. अशी टीप ओळखायची कशी? तिच्यात बहुधा 'मात्र', 'तथापि', 'अर्थात', 'विसरू नये', 'याला अपवाद' असे शब्द असतात, आणि तिचा क्रमांक एखाद्या ठाम विधानाच्या शेवटी असतो. मी एक साधी कसोटी लावतो: टीप वाचल्यावर वरचं वाक्य आधी लिहिलं होतं तसंच लिहिता येतंय का? येत नसेल, तर टीप सारांशात आलीच पाहिजे.

टिपेखाली 'सं.' किंवा 'अनु.' असं असेल तर ती संपादकाची किंवा अनुवादकाची. तिला लेखकाचं मत म्हणून खपवू नये. जुन्या ग्रंथांच्या नव्या आवृत्त्यांमध्ये हे फार होतं: लेखक एक सांगतो, शंभर वर्षांनी संपादक खाली लिहितो की पुढच्या संशोधनात हे टिकलं नाही. सारांशात दोघांची नावं वेगवेगळी हवीत.

आणि ती पहिली, विनाक्रमांकाची ओळ: 'झाल्यावर सावकार दर तीन वर्षांनी…'. ती अर्ध्या वाक्याने सुरू होते आणि तिला क्रमांक नाही, कारण ती मागच्या पानावरच्या टीप १ चं शेपूट आहे. टीप लांबली की छापताना उरलेला भाग पुढच्या पानाच्या तळाशी ढकलतात. या पानावर १ चा क्रमांक कुठेच नाही आणि मोठ्या टायपात पहिला क्रमांक २ आहे, एवढ्यावरूनच हे ओळखता येतं. नुसत्या या फोटोवरून 'काय झाल्यावर?' याचं उत्तर मिळत नाही. ज्याला विषय माहीत आहे त्याला कळेल की इथे १८५९ च्या मुदतीच्या कायद्याची गोष्ट चालली आहे. त्या कायद्याने कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांची ठरवली. हेतू व्याज साठत जाऊ नये असा होता, पण सावकाराने तो उलटा फिरवला आणि दर तीन वर्षांनी व्याजासकट नवं मुद्दल लिहून घेऊ लागला. माहिती खरी असली तरी ती या पानावर नाही. मागचं पान मागवावं, आणि मिळालं नाही तर सारांशात लिहावं की ही टीप मागच्या पानावरून आलेली आहे, तिची सुरुवात फोटोत नाही.

अधोरेखनाबद्दल लोकांचा एक पक्का समज असतो: ज्याच्याखाली रेघ ते महत्त्वाचं. रेघ एवढंच सांगते की कोणा एका वाचकाला, त्याच्या कामासाठी, तिथे थांबावंसं वाटलं. परीक्षेचा विद्यार्थी साल आणि नाव अधोरेखित करतो, कारण त्याला ते पाठ करायचंय. वक्ता खटकेबाज वाक्य अधोरेखित करतो. वाद घालायला बसलेला वाचक ज्याच्याशी त्याचं पटत नाही तेच अधोरेखित करतो. पुस्तकाचा मुख्य मुद्दा मात्र अनेकदा कोरा राहतो, कारण तो 'तथापि'ने सुरू होणाऱ्या साध्या वाक्यात असतो आणि पाठ करण्यासारखा दिसत नाही.

आपली लाल रेघ पाहा. ती 'आयोगाच्या मते' हे दोन शब्द सोडून सुरू होते आणि 'हा निष्कर्ष… स्वीकारता येत नाही' याच्या आधी संपते. वाक्याचं डोकं आणि त्यानंतरचं उत्तर दोन्ही बाहेर. उरलं ते विधान लेखकाने खोडून काढण्यासाठी मांडलं होतं, आणि आता तेच लेखकाचं म्हणून उभं राहिलंय. मी या विषयात सगळ्यात जास्त पाहिलेली गफलत हीच. त्यावरचा उपायही सरळ आहे: अधोरेखित तुकडा उचलायचा असेल तर मागे वाक्याच्या पहिल्या शब्दापर्यंत जायचं आणि पुढे आणखी एक पूर्ण वाक्य वाचायचं. मागे 'यांच्या मते', 'असा समज आहे', 'असे म्हटले जाते', 'म्हणे' यातलं काही आहे का? पुढे 'पण', 'परंतु', 'तथापि' किंवा थेट नकार आहे का? यातलं काहीही असेल तर तो तुकडा एकटा उचलायचा नाही.

तरीही रेघा फेकून देण्यासारख्या नसतात. दोन वेगवेगळ्या शाईंनी एकाच वाक्याखाली रेघ असेल, तर दोन वाचक स्वतंत्रपणे तिथे थांबले असण्याची शक्यता आहे, आणि ते वाक्य पुन्हा वाचून बघणं वाया जात नाही. नागमोडी रेघ पुष्कळदा शंका दाखवते, पण ही सवय माणसागणिक बदलते. कोणाची नागमोडी रेघ धावत्या बसमध्ये ओढलेली सरळ रेघही असू शकते. समासातली उभी रेघ पूर्ण परिच्छेदाला लागू असते, तिला एका ओळीची खूण समजू नये. आणि पानावरच्या बहुतेक ओळी अधोरेखित असतील तर त्यातून काहीच कळत नाही. तेव्हा कोरं काय राहिलं ते पाहावं.

समासातल्या नोंदी सगळ्यात मोहात पाडतात, कारण त्या आयता सारांश वाटतात. त्यांना पहिला प्रश्न विचारायचा: ही नोंद पानाबद्दल आहे, पानावर नसलेल्या गोष्टीबद्दल आहे, की वाचणाऱ्याच्या स्वतःच्या कामाची आहे? 'इंप. ५ मार्क' तिसऱ्या प्रकारची, ती सोडून द्यावी. 'व्याजावर व्याज' पानाबद्दल आहे, तळटिपेचा अर्थ दोन शब्दांत सांगते आणि तो बरोबर सांगते. सारांशात तळटीप घेतली की या नोंदीचं काम झालं, वेगळी नोंदवायची गरज नाही.

'१८५७ ची भीती!' ही मात्र बाहेरून आलेली आहे. तिच्यात तथ्य आहे. मुंबई सरकारला सुरुवातीला या दंग्यांचं फारसं गांभीर्य वाटलं नव्हतं. १८५७ ची आठवण ताजी असलेल्या भारत सरकारने चौकशी आयोग नेमण्यासाठी दबाव आणला. पेन्सिलवाला वाचक बहुधा हेच म्हणत होता. पण पानावर यातलं काही नाही, आणि नुसत्या तीन शब्दांवरून भीती कोणाला, कशाची, हेही ठरत नाही. वरच्या घाईच्या सारांशात ती भीती शेतकऱ्यांच्या गळ्यात पडली आणि दंगे पसरण्याचं कारण होऊन बसली. बाहेरून आलेली नोंद खरी असली तरी ती वेगळ्या ओळीत, 'एका वाचकाची नोंद' म्हणूनच यावी.

मग ती '७८ ना?'. वाचकाने छापील साल दुरुस्त करायचा प्रयत्न केलाय. अशा वेळी छापलेलं खरं की लिहिलेलं, हे अंदाजाने ठरवू नये. दुरुस्ती करणाऱ्याच्या मनात हा आकडा कुठून आला असेल ते शोधावं. दंग्यांच्या आयोगाचा अहवाल ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवला गेला तो १८७८ मध्ये. घटना १८७५ ची, अहवाल तीन वर्षांनी. वाचकाने दोन सालं एकमेकांत घातली. इथे छापील साल बरोबर, आणि सारांशात नोंदीचा उल्लेखसुद्धा नको. पण उलटंही घडतं. जुन्या मराठी पुस्तकांच्या शेवटी शुद्धिपत्र असतं, आणि एखादा शिस्तीचा वाचक पुस्तक हातात घेताच ते शुद्धिपत्र पाहून सगळ्या दुरुस्त्या आतल्या पानांवर उतरवून ठेवतो. तेव्हा समासातला आकडा हा प्रकाशकाचाच असतो. अक्षर नीटस, शाई एक, प्रश्नचिन्ह नाही आणि फक्त शब्द खोडून शब्द लिहिलेला, अशी दुरुस्ती दिसली तर शेवटच्या पानांचा फोटो मागवावा.

हे थर वेगळे ठेवायची काळजी आपल्याकडे नवी नाही. हाताने नकला करण्याच्या काळात समासातली भर पुढच्या नकलेत मजकुरात शिरणं नेहमीचं होतं. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती अशाच पाठभेदांमुळे, आणि शेवटी बजावलं की यात जो आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे रिकामी करवंटी, ठेवली असं समजावं. मोबाइलवरच्या सारांशालाही तो इशारा चालतो.

नोंदीची दिशाही पाहावी. समासातलं वाक्य कुठल्या ओळीचं आहे हे बाण, गोल किंवा चांदणी नसेल तर नुसत्या उंचीवरून ठरवावं लागतं, आणि तिरप्या फोटोत उंची फसवते. पान सरळ करून मगच ठरवावं. पातळ कागदावर मागच्या बाजूचं लिखाण उलटं उमटलेलं दिसतं, ते या पानाचं नव्हेच. काही अक्षर लागत नसेल तर अंदाजाचा शब्द घालू नये, चौकोनी कंसात [अवाच्य] लिहावं. अर्धवट लागत असेल तर जेवढं लागलं तेवढं लिहून पुढे प्रश्नचिन्ह.

एवढं झाल्यावर सारांश लिहायला फार वेळ लागत नाही. आपल्या पानाचा असा होईल:

> १२ मे १८७५ रोजी सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. पुढे उठाव अहमदनगर जिल्ह्यात पसरला आणि दोन्ही जिल्ह्यांत मिळून ३० हून जास्त गावांना त्याची झळ बसली. आयोगाने सरकारी साऱ्याला दोष न देता सावकारांवर ठपका ठेवला. लेखकाला ते पूर्णपणे मान्य नाही. कापसाची घटलेली मागणी, कर्जाचा आटलेला ओघ आणि वाढीव सारा हे सगळं एकदमच आलं, असं तो सांगतो. शिवाय आयोग सरकारनेच नेमला होता, याकडे तळटिपेत लक्ष वेधतो.
>
> मागच्या पानावरून आलेल्या तळटिपेचा शेवट: सावकार दर तीन वर्षांनी रोखा नवा करून थकलेलं व्याज मुद्दलात चढवत. सुरुवात फोटोत नाही.
>
> पानावरच्या खुणा: आयोगाचा निष्कर्ष लाल शाईत अधोरेखित आहे, त्याला लेखकाने दिलेलं उत्तर नाही. पेन्सिलीत एका वाचकाची नोंद, '१८५७ ची भीती!', मजकुरात याचा उल्लेख नाही.

पहिला परिच्छेद पुस्तकाचा, शेवटचा वाचकांचा. ज्याला फक्त अभ्यासाला हवंय तो पहिला घेऊन जाईल. मधली ओळ वेगळी ठेवली, कारण तिचा अर्धा भाग आपण पाहिलेलाच नाही.

कधी मात्र हा क्रम उलटा करावा लागतो, कारण सारांश मागणाऱ्याला पुस्तकात रस नसून खुणा करणाऱ्यात असतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ग्रंथसंग्रहातल्या पुस्तकांवर त्यांच्या रंगीत पेन्सिलीच्या खुणा आहेत, आणि त्यांनी कुठे रेघ ओढली यावरून अभ्यासक त्यांच्या विचारांचा माग काढतात. फ्रेंच गणिती फर्मा याने डायोफँटसच्या ग्रंथाच्या समासात लिहिलेल्या टिपा तर त्याच्या मुलाने १६७० मध्ये मूळ ग्रंथासोबतच छापल्या. फर्माची स्वतःची प्रत हरवली आहे, त्यामुळे त्याच्या 'शेवटच्या प्रमेया'च्या प्रसिद्ध टिपेसाठी आज ही छापील आवृत्तीच हाताशी आहे. अशा पानाचा सारांश करताना रेघ कुठल्या शब्दापासून कुठल्या शब्दापर्यंत आहे, रंग कोणता, नोंद कुठल्या ओळीसमोर आहे, हे सगळं जसंच्या तसं लिहावं लागतं, आणि छापील मजकूर खुणेचा संदर्भ कळेल इतकाच आखडता घ्यावा लागतो. इथे 'आयोगाच्या मते' सोडून सुरू झालेली लाल रेघ ही दुरुस्त करायची गोष्ट राहत नाही, तीच नोंदवायची गोष्ट होते. म्हणून पान हातात येताच, कामाला बसण्याआधी, पाठवणाऱ्याला एक ओळ विचारून घ्यावी: पुस्तक काय म्हणतं ते पाहिजे, की वाचणाऱ्याने काय पाहिलं ते?